डोकं बघा, पोट नको

अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर तो मी. तेव्हा मला जळगाव स्टेशनच्या पार्सल ऑफिसात चिकटून आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत रेल्वेला जे जे कळायचं ते सगळं मला कळलं आहे, अशी माझी खात्री होती. महायुद्धाच्या आधीची चार-पाच वर्षं असतील ती. माझे वरिष्ठ, ज्यांना सगळे नाना म्हणत, ते तीस वर्षं पार्सलं हाताळून थकलेले होते. मी त्यांना न विचारता कामं उरकायचो आणि ते नंतर ती निस्तरायचे. अशी आमची वाटणी होती.

पार्सल ऑफिसात आमचा खरा शत्रू झुरळ. गिऱ्हाईक परवडलं. पार्सलावर चिठ्ठी चिकटवायची ती कणकेच्या खळीनं, आणि ती खळ झुरळांना फार आवडायची. सकाळी मांडणीवर ठेवलेल्या पार्सलाची चिठ्ठी संध्याकाळपर्यंत अर्धी फस्त झालेली असे. नाना खळीत मोरचूद, म्हणजे ते निळं विष, टाकायला सांगत. मला तो जुनाटपणा वाटे. मी साधी खळ शिजवायचो, आणि झुरळं मला दुवा देत असतील.

त्या दिवशी सकाळी दोन बोचकी उतरली. एक मनमाडच्या बाजूनं आलेलं, हुबळीकडचं. ते जळगावातच द्यायचं होतं. दुसरं भुसावळच्या बाजूनं, तेलंगणातून आलेलं. ते आमच्याकडे उतरवून संध्याकाळच्या पॅसेंजरनं चाळीसगावला आणि तिथून धुळ्याला पाठवायचं होतं. दोन्ही जाड्याभरड्या पांढऱ्या कापडात शिवलेली, दोन्हींत कापडच, आणि वजनही दैवानं सारखंच. संध्याकाळी मी धुळ्याचं बोचकं काढायला गेलो तर दोन्हींवरच्या चिठ्ठ्या गायब. खाली कागदाचा भुसा पडलेला होता आणि झुरळं तृप्त होती.

गाडीला पाऊण तास होता. नाना त्या दिवशी पिंप्राळ्याला कुणाच्या तरी बारशाला गेले होते. बोचक्यांवर पाठवणाऱ्यानं शाईनं काहीतरी लिहिलं होतं, पण एकावर कानडी आणि एकावर तेलुगू. आणि आमच्या जळगावात ह्या दोन लिप्यांना मिळून एकच नाव होतं. आमचा हमाल बोचक्यांकडे बघून म्हणाला,

"ह्या बठ्ठ्या जिलब्याच शेतस भाऊ. कोनती भी धाडा."

सगळ्या जिलब्याच म्हणे! मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. कारण मला नानांनी एकदा सांगितलं होतं: तेलंगी अक्षराच्या डोक्यावर टिक असते. आपण मेमोवर पार्सल तपासलं की जशी टिक करतो ना, तशीच. कानडी अक्षराच्या डोक्यावर मात्र आडवी रेघ असते, उजव्या टोकाला जराशी मुरडलेली. नाना आणखीही काही सांगत होते, पण एवढं कळल्यावर पुढचं ऐकायची मला गरज वाटली नव्हती.

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. कापसाच्या गाठी, केळीच्या करंड्या, गुळाच्या भेल्या, सगळ्यांवर मार्का असतो. मार्का म्हणजे मोठं पहिलं अक्षर. पार्सलवाला तेवढंच वाचतो. खालचं बारीक वाचत बसला तर गाडी निघून जाईल. म्हणून मी दोन्ही बोचक्यांवरचं पहिलं मोठं अक्षर तेवढं बघितलं. एकावर एक गरगरीत अक्षर, दुसऱ्यावर दुसरं गरगरीत अक्षर. टिक कुणाच्याच डोक्यावर नाही. रेघही नाही. दोघंही बोडके.

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. ज्या बोचक्यावरचं अक्षर मला अधिक गोल आणि दूरदेशीचं वाटलं ते तेलुगू, असा निकाल मी देऊन टाकला. त्याच्यावर धुळ्याची नवी चिठ्ठी डकवली, दुसऱ्यावर जळगावची, आणि जागा मोकळी दिसेना म्हणून त्या चिठ्ठ्या खालच्या बारीक ओळींवरच चांगल्या दाबून बसवल्या. खळ भरपूर लावली. बोचकं गाडीत चढलं आणि मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनाबाहेरच्या खाणावळीचे अण्णा रसीद घेऊन आले. अण्णा कानडी मुलखातले. जळगावच्या लोकांना इडली खायला शिकवायचा त्यांनी चंग बांधला होता आणि जळगावचे लोक ती ठेच्याबरोबर खाऊन त्यांचा अपमान करत होते. मी ऐटीत बोचकं पुढं केलं. अण्णांनी ते हातात घेतलं, उलटवलं आणि परत टेबलावर ठेवलं.

हे तेलुगू आहे, ते म्हणाले.

मी म्हणालो, नीट बघा. त्यांनी नीट बघितलं आणि पहिल्या मोठ्या अक्षरामागच्या अक्षरांवर बोट फिरवलं. त्या दुसऱ्या, तिसऱ्या अक्षरांच्या डोक्यावर टिका होत्या. बारीक, पण होत्या. एखाद्या कडक तपासनिसानं केलेल्या असाव्यात तशा नीट. मी फक्त पहिलं अक्षर बघितलं होतं, आणि पहिलं अक्षर होतं 'ल'. अण्णांचं नाव 'ब'नं सुरू व्हायचं. मला अण्णांचा राग आला. आपली चूक दाखवणाऱ्या माणसाचा मला नेहमी आधी रागच येतो.

तेवढ्यात नाना आले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि धुळ्याचा मेमो काढला. त्यात पार्सल मागवणाऱ्याचा पत्ता होता: जुन्या धुळ्यातला एक साळी, हातमागवाला. आणि शेजारी पाठवणाऱ्या स्टेशनानं शेरा मारला होता की लग्नाचं कापड आहे, वेळेत पोचवावं. मी तो शेरा वाचला होता आणि वेळेत पोचवलंही होतं. फक्त दुसऱ्याचं.

"तुमच्या बोचक्यात काय आहे अण्णा?" नानांनी विचारलं.

अण्णांनी जरा घसा खाकरला. त्यांच्या आईनं त्यांच्या बायकोसाठी इरकली लुगडं पाठवलं होतं. रंग काळा.

लग्नघरात सगळ्यांसमोर बोचकं उसवलं जातंय आणि आतून काळं लुगडं निघतंय, हे तिघांनाही एकदमच दिसलं असावं. नानांनी टेबलावरचं बोचकं माझ्या छातीशी ढकललं. तूच घाण केलीस, तूच निस्तर, म्हणाले. दहाची पॅसेंजर अजून गेली नव्हती. अण्णाही निघाले. त्यांचा आता रेल्वेवर विश्वास उरला नव्हता आणि मी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण माझाही नव्हता.

गाडीत अण्णांनी माझी शाळा घेतली. पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेऊन त्यांनी समोरच्या बाकाच्या फळीवर अक्षरं काढायला सुरुवात केली. समोर बसलेल्या पाचोऱ्याच्या शेतकऱ्यानं पाय वर घेतले आणि कौतुकानं बघू लागला.

"डोकं बघा बाबू. पोट बघू नका," अण्णा म्हणाले. "पोटं आमची सारखीच."

दोन्ही लिप्या एकाच घरच्या, वेगळी चूल मांडलेल्या, असं त्यांचं म्हणणं. ग, न, द, र ही अक्षरं त्यांनी दोन्हींत काढून दाखवली. अंग तेच. कानडीत डोक्यावर आडवी रेघ आणि टोकाला मुरड. तेलुगूत त्याच जागी टिक. 'क' आणि 'त' मात्र इतके वेगळे की एकदा बघितले तर पुन्हा चुकायचं कारण नाही. पण काही अक्षरांना दोन्ही घरांत डोक्यावर काहीच नसतं. ब, ल, ज, ट. ती बोडकी. त्यांना विचारायचंच नाही, ती खरं सांगणार नाहीत.

म्हणजे दैवानं माझ्यापुढं नेमकी दोन बोडकी उभी केली होती. मी तसं म्हणालो. अण्णा म्हणाले, दैवानं दोन टाकली, पण मागची दहा तुम्ही का नाही बघितली? मी खिडकीबाहेर बघितलं.

मग त्यांनी आणखी एक खूण सांगितली. अक्षर लांबवायचं असेल, म्हणजे 'की' किंवा 'को' असं दीर्घ म्हणायचं असेल, तर कानडीत अक्षराच्या उजवीकडे एक वेगळं आकड्यासारखं चिन्ह येऊन बसतं, शेपटीसारखं. तेलुगूत तसलं ओझं बाजूला ठेवत नाहीत; ते लांबवणंही डोक्यावरच करतात. ती सुटी शेपटी दिसली की कानडी, डोळे मिटून. तेवढ्यात चाळीसगाव आलं आणि शेतकऱ्यानं उतरताना विचारलं की ही विद्या गुरांना डागताना चालेल का. अण्णांनी चालेल म्हणून सांगितलं.

धुळ्याला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. साळ्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात मांडव होता आणि आतून हळद दळल्याचा वास येत होता. आमचं बोचकं, म्हणजे अण्णांचं, देवापुढं पाटावर ठेवलेलं होतं, कुंकू लावून, वर दोन झेंडूची फुलं. अजून शिवलेलंच होतं. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. त्या घरची चाल होती: नवरीच्या आजोळहून आलेलं कापड हळद लागायच्या घटकेपर्यंत उसवायचं नाही, आणि मग सगळ्या सवाष्णींसमोर नवरीनंच उसवायचं. ती घटका दिवे लागायच्या आधीची होती.

मी सगळं सांगितलं. नवरीचा बाप हा काटक, शांत माणूस. तीन पिढ्या धुळ्यात गेलेल्या. घरात तेलुगू बोलायचे, बाहेर आमच्यासारखंच खानदेशी. त्यानं माझं ऐकून घेतलं, माझ्या हातातल्या बोचक्याकडे बघितलं आणि मान हलवली.

"आमनं गठुडं आमले भेटी गयं बाबू. रेल्वेना शिक्का शे ना वर."

शिक्का होताच. मीच मारलेला, चांगला ठसठशीत. मी म्हणालो तो चुकीचा आहे. तो म्हणाला, मग तुमच्या हातातल्यावरचा शिक्का बरोबर कशावरून? तोही मीच मारला होता. अण्णा पुढं होऊन म्हणाले, पाटावरचं माझं आहे, वर माझं नाव आहे. त्यावर घरातली एक म्हातारी त्यांच्याकडे असं बघू लागली की ह्या माणसाला आमच्या मुलीच्या लग्नाचं कापड हवंय. वाचणारं त्या घरात कुणी नव्हतं. आळीत एक जण तेलुगू वाचायचा, तो सोलापूरला गेलेला. आणि देवापुढं ठेवलेलं बोचकं लग्नघरातून उचलून परक्याच्या हाती द्यायचं, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं. माझ्या कपाळावरचा घामही साक्षीला पुरेना.

मला त्या क्षणी पहिल्यांदाच भीती वाटली. नोकरीची नव्हे. बाहेर बायका जमू लागल्या होत्या, आणि आपल्या एका आळशी नजरेपायी ह्या भल्या माणसांच्या घरात काळं लुगडं निघणार, ही ती भीती. अशा वेळी माणूस शहाणपणा विसरतो आणि हात जोडतो. मी हात जोडले.

भिंतीवर देवाचं एक छापील चित्र होतं आणि त्याखाली तेलुगूत दोन ओळी. ते चित्र त्यांच्या गावाकडून आणलेलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, मी सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका; ह्या चित्राखालची अक्षरं बघा आणि दोन्ही बोचक्यांवरची बघा. डोकी बघा. मग मी टिकांबद्दल आणि रेघांबद्दल सांगू लागलो. अण्णांकडून त्याच दिवशी शिकलेलं सगळं मी भडाभडा ओकलं, 'ब' आणि 'ल' बोडके असतात इथपर्यंत. बाप गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

तेवढ्यात आतल्या दारातून नवरी बाहेर आली. अठरा-एकोणीस वर्षांची, हाताला मागावर बसून पडलेले घट्टे. तिनं मला गप्प केलं नाही, पण माझ्याकडे लक्षही दिलं नाही. चित्राखालची ओळ तिनं एकदाच बघितली. काठावरची नक्षी एकदा बघून मागावर उतरवणारी ती मुलगी; तिला अक्षर वाचायचं नव्हतं, फक्त नमुना ताडून बघायचा होता. तिनं पाटावरच्या बोचक्यावर बोट ठेवलं.

"हाई आमनं नई," ती म्हणाली. "आमना अक्षरेसवर चिड्या बठेल शेतस."

चिमण्या. मी ज्यांना टिका म्हणत होतो त्या तिला अक्षरांवर बसलेल्या चिमण्या दिसल्या, पंख उचललेल्या. आणि खरंच, चित्राखालच्या ओळीवर चिमण्या होत्या आणि माझ्या हातातल्या बोचक्यावरही होत्या. पाटावरच्या बोचक्यावर एक नव्हती. तिथं पहिलं बोडकं सोडलं तर बाकीच्यांच्या डोक्यावर आडव्या रेघा. मग तिनं वाकून माझ्या चिठ्ठीच्या कडेला डोकावणारं एक सुटं चिन्ह दाखवलं आणि बापाला विचारलं, ही शेपटी आपल्याकडे कुठं आहे? चित्रात नव्हती. ती शेपटी मी धुळ्याची चिठ्ठी डकवताना स्वतःच्या हातानं अर्धी झाकली होती. अण्णा माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. त्यांच्या खाणावळीत मी पुढं दोन वर्षं जेवलो आणि ते तेव्हाही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

बापानं पाटावरचं बोचकं उचलून अण्णांच्या हाती दिलं, कुंकवासकट. माझ्या हातातलं पाटावर गेलं. मी सुटलो असं वाटून भिंतीला टेकलो. पण नवरी अजून बोचक्याकडेच बघत होती. तिला माझी चिठ्ठी तिथं नको होती. चिठ्ठीखाली काहीतरी लिहिलेलं आहे, ते बाहेर डोकावत होतं.

मी माझ्या हातानं खळ लावली होती, मीच काढायला बसलो. त्या दिवशी एवढी घट्ट खळ लावल्याबद्दल मी स्वतःला खूप शिव्या दिल्या. ओल्या फडक्यानं भिजवून, नखानं खरवडून कागद निघाला आणि खालून बारीक अक्षरांच्या तीन ओळी निघाल्या. जरा फुटलेल्या, पण धड होत्या.

आता वाचायचं कुणी? अण्णा पुढं सरकले. त्यांना तेलुगूचं अवाक्षर कळत नव्हतं. पण अक्षरं भावकीतली. बहुतेक सगळी त्यांना ओळखीची. शाळेतल्या मुलासारखं बोट ठेवून, अडखळत, ते नुसते आवाज काढू लागले. कुठं 'क' अडायचा, कुठं 'त'. अर्थ त्यांच्या गावीही नव्हता. आणि ज्यांना अर्थ कळत होता त्यांना एक अक्षर येत नव्हतं. अण्णा बोलत गेले तशी घरातली माणसं बोचक्याभोवती सरकली.

वरच्या मोठ्या ओळीत बापाचं नाव नव्हतं. तिचं होतं. आजीनं बोचकं नातीच्याच नावानं पाठवलं होतं. पुढच्या ओळी आजीनं सांगितलेल्या आणि गावातल्या कुणीतरी लिहिलेल्या. बापानं मला नंतर मराठीत सांगितलं ते असं: हे मीच विणलंय. माझी नजर आता गेली. डाव्या काठात एक धागा चुकलाय, हाताला लागतो पण उलगडता आला नाही. नेसताना ती बाजू आत घे, कुणाला दिसू देऊ नकोस.

नवरीनं अण्णांना ते पुन्हा वाचायला लावलं. अण्णा पुन्हा अडखळले, त्याच ठिकाणी. मग तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं की ह्यातलं माझं नाव कुठून कुठपर्यंत. अण्णांनी दाखवलं. तिनं त्या अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं, बोडक्या 'ल'पासून शेवटच्या चिमणीपर्यंत. मला तिथं उभं राहवेना आणि बाहेरही जाववेना. मी तिची क्षमा मागायला हवी होती. त्या ओळी मीच झाकल्या होत्या. मी मागितली. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही.

आम्हाला त्यांनी जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी लग्नाला थांबावं लागलं, आणि अण्णांनी पंगतीत वाढायचं काम आपणहून घेतलं. नवरी मांडवात आली ती आजीचं पांढरं, तांबड्या काठाचं लुगडं हळदीत भिजवून नेसलेली. माझी नजर आपसूक काठाकडे गेली. चुकलेला धागा शोधायला लागलाच नाही. तो तिनं खांद्यावर, अगदी समोर घेतला होता, आणि कुणी बाई जवळ आली की ती बोटानं तिथंच दाखवत होती.